नंबर सर्चमध्ये सगळ्यात वर होता, मग खोटा कसा?

*"आम्ही फोंड्याजवळ राहतो. चवथीच्या तोंडावर वॉशिंग मशीन बंद पडलं, पाणी आत तसंच. सासऱ्यांनी (वय 71, निवृत्त शिक्षक) नेटवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर फोंडा' असं टाकलं आणि वर जो नंबर आला त्यावर फोन केला. माणूस अगदी नीट बोलला, तक्रार नोंदवायचे ₹10 म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवली. बाबांनी ती उघडून फॉर्म भरला आणि तासाभरात खात्यातून ₹38,500 गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली. आता नवरा म्हणतो बाबांच्या फोनवरून यूपीआय काढूनच टाकू. बाबा कोणाशी धड बोलत नाहीत. शपथेवर सांगतात की ओटीपी कोणाला दिला नाही. मला प्रश्न पडलाय की नंबर मॅपवर पत्त्यासकट, चांगल्या स्टारसकट होता, ट्रूकॉलरवर पण कंपनीचंच नाव येत होतं, मग खरा ओळखायचा कसा? मशीन अजून तसंच पडलंय."*
— एक वाचक, फोंडा तालुका

ताई, मशीनकडे आणि यूपीआयकडे येते, पण आधी बाबांचा फोन, कारण तो धोका अजून संपलेला नसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या त्या फाईलचं नाव बघा, शेवटी `.apk` असेल तर तो फॉर्म नव्हताच, ते अख्खं अ‍ॅप होतं आणि फॉर्म म्हणजे त्याचा नुसता चेहरा. असं अ‍ॅप इन्स्टॉल होताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस घाईत 'Allow' दाबतो, आणि मग बँकेचा ओटीपी आला की ते गुपचूप तो पलीकडे पाठवून देतं. म्हणजे बाबा शपथेवर सांगतायत ते बहुतेक शंभर टक्के खरंच आहे, त्यांनी ओटीपी दिला नाही, फोनने दिला. हे एकदा त्यांच्यासमोर घरात मोठ्याने सांगा, निम्मी कोंडी तिथेच फुटेल.

तेव्हा त्या फोनचं नेट आणि वायफाय आत्ताच बंद करा. चॅट, तो नंबर, फाईलचं नाव, पैसे गेल्याचे मेसेज, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, पोलिसांना लागतील. बँकेला फोन दुसऱ्या फोनवरून करा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड पण दुसऱ्याच फोनवरून बदला. कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवलं असण्याची शक्यता असते, त्यासाठी बाबांच्या फोनवरून `##002#` डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग निघतं. आणि मग पोलिसांना विचारून, फोटो वगैरे काढून घेऊन, फोन फॅक्टरी रीसेट करा, नुसतं अ‍ॅप अनइन्स्टॉल करून भागेलच असं नाही कारण अशी अ‍ॅप्स स्वतःचा आयकॉन लपवतात.

1930 वर लगेच फोन केलात ते फार बरं झालं, पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात ते पहिल्या काही तासांतच. आता cybercrime.gov.in वर त्या तक्रारीचं पुढचं काम पूर्ण करा, रायबंदरच्या सायबर पोलिस स्टेशनला कागद घेऊन जा, आणि बँकेला लेखी द्या, तारीख-वेळेसकट पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम असा आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे स्वतः पिन-पासवर्ड देऊन पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ती वेळ कागदावर असणं महत्त्वाचं. पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे वर आलेला नंबर कुणीतरी तपासलेला असतो. तसं नसतं. सर्च इंजिन कंपनीला फोन करून विचारत नाही की हा तुमचाच नंबर ना, ते फक्त बघतं की तुम्ही टाइप केलेल्या शब्दांशी कुठलं पान जास्त जुळतं. आणि 'अमुक कंपनी कस्टमर केअर फोंडा' हे शब्द कोणाच्या पानावर जास्त असतील? खऱ्या कंपनीच्या नाही, त्यांच्या साइटवर फोंडा हा शब्द बहुतेक नसतोच, त्यांचा सहसा एकच देशभराचा नंबर असतो. गावागणिक पान बनवायचा उद्योग चोर करतो, फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को, डिचोली, प्रत्येकाचं वेगळं पान आणि सगळ्यांवर नंबर एकच. म्हणजे आपण गावाचं नाव घालून सर्च केलं की त्याच्या जाळ्याकडे आपणच एक पाऊल टाकलेलं असतं.

मॅपवरच्या पिनचंही तसंच. नकाशावर नवीन ठिकाण टाकायला किंवा असलेल्या ठिकाणाचा नंबर बदलायला सुचवणं कोणालाही जमतं, ज्या दुकानाने आपलं पान ताब्यात घेतलेलं नाही तिथे तर असा बदल सहज खपून जातो. 2018 मध्ये महाराष्ट्रात, ठाण्याच्या बाजूला, बँकेच्या शाखांचे नंबर मॅपवर असेच बदलले गेल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. शाखा खरी, पत्ता खरा, फक्त फोन चोराचा. स्टारबद्दल काय बोलायचं, 'व्हेरी गुड सर्व्हिस' लिहिणारी वीस खोटी खाती बनवायला एक दुपार पुरते. ट्रूकॉलरवरचं नाव म्हणजे लोकांनी त्या नंबरला काय म्हटलंय ते, आणि चोराने स्वतःच्याच चार-पाच फोनमधून तसं नाव लावलं की झालं. ट्रूकॉलरने पडताळलेलं व्यवसायाचं खातं वेगळं, पण बाबांनी पाहिलं ते नुसतं नाव असणार.

याहून एक बेमालूम प्रकार 2025 मध्ये समोर आला, तो मला मुद्दाम सांगायचाय कारण तिथे जाणकार पण फसू शकतात. जाहिरातीवर क्लिक केलं की साइट खरीच उघडते, वरचा पत्ता खराखुरा कंपनीचा, काहीच चुकीचं नाही. फक्त लिंकच्या शेपटीला चोराने स्वतःचा मजकूर जोडलेला असतो, त्यामुळे साइटचं आतलं सर्च पान उघडतं आणि सर्चच्या चौकटीत लिहिलेलं दिसतं की मदतीसाठी या नंबरवर फोन करा. कंपनीने तो नंबर दिलेला नाही, तो चोराने शोधायला टाकलेला शब्द आहे आणि साइट तो नुसता परत दाखवते. म्हणून साइट खरी आहे एवढं बघून थांबायचं नाही, नंबर साइटच्या मेनूमधून स्वतः 'संपर्क'च्या पानावर जाऊन बघायचा. सर्चच्या वर जो तयार उत्तराचा चौकोन येतो, त्यात आयता नंबर असतो, तोही असल्याच पानांवरून उचललेला असू शकतो. तिथून कधी डायल करू नका.

मग खरा नंबर कुठून आणायचा? तर नेटवरून सुरू करायचंच नाही, वस्तूपासून सुरू करायचं. तुमचंच मशीन घेऊया. मागे किंवा झाकणाच्या आतल्या कडेला चंदेरी स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, आणि बरेचदा खाली बारीक अक्षरात ग्राहक सेवेचा नंबर असतो. नसला तर खोका, वॉरंटी कार्ड किंवा मॅन्युअल काढा. पॅकबंद वस्तूवर ग्राहकाने तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं वजन-माप कायद्याच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे खोका जपून ठेवला असेल तर त्याच्या एका बाजूला हे सापडणारच. मास्तरांचं घर म्हणजे वॉरंटी कार्डं एखाद्या फाईलमध्ये नीट लावलेली असतील असा माझा अंदाज, तेव्हा ही शोधाशोध बाबांवरच सोपवा.

कार्ड जुनं असेल तर छापलेला नंबर बंद पडलेला असू शकतो, हीच नेमकी वेळ असते जेव्हा माणूस कंटाळून नेटवर सर्च करतो. तसं न करता कार्डावरचा वेबसाइटचा पत्ता घ्या आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत हाताने पूर्ण टाइप करा. पत्ता वाचताना डावीकडचं नाव बघून भुलू नका, सुरुवातीचं `https://` सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या अलीकडे सगळ्यात शेवटी काय आहे ते बघा. समजा कंपनीचा पत्ता `example.com` आहे, तर `support.example.com` तिचाच, पण `example-support.com` ही कोणा दुसऱ्यानेच घेतलेली साइट, मध्ये एक डॅश आला की घरच बदललं. मग मेनूमधून संपर्काचं पान, तिथला नंबर, आणि तो कार्डावरच्या किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधल्या नंबराशी जुळतोय का बघा. जिथे फक्त कंपनीच लिहू शकते अशा दोन जागी तोच नंबर दिसला की मी निर्धास्त फोन करते.

दुसरा रस्ता गोव्यात अजून छान चालतो, आपण तो विसरायला लागलोय. जिथून मशीन घेतलं त्या दुकानाला विचारा. बिलावर दुकानाचा 0832 ने सुरू होणारा लँडलाइन किंवा मालकाचा मोबाईल असतो, त्याचा त्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांशी रोजचा संबंध असतो, फोंड्याला कोण येतो ते त्याला पाठ असतं. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर त्याच अ‍ॅपमध्ये तुमच्या ऑर्डरवर जाऊन तिथल्या मदतीच्या बटणातूनच बोलायचं. इथे आणखी एक सवय बदलावी लागते, ती म्हणजे प्रत्येक कंपनीला फोन नंबर असतोच असं समजायची. कित्येक अ‍ॅपवाल्यांकडे फोनवर बोलायची सोय फारशी नसतेच, चॅट किंवा 'आम्हीच फोन करू' एवढंच. अशा कंपनीचा नेटवर सापडलेला नंबर हा जवळजवळ नेहमीच खोटा, खरा असायला मुळात नंबर तर पाहिजे. आपल्याला माणसाचा आवाज हवा असतो, कंपनी तो देत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत चोर खुर्ची टाकून बसतो. बँकेपुरतं सोपं आहे, कार्डाच्या मागे नंबर छापलेला असतो, शिवाय रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट `.bank.in` वर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळे आता बँकेच्या साइटचा पत्ता त्यावर संपतोय का हे बघता येतं.

हातात एखादा संशयी नंबर असेल तर एक उलटी चाचणी आहे. तो नंबरच अवतरण चिन्हात टाकून सर्च करा. तोच नंबर एका पानावर फ्रीजचा, दुसऱ्यावर कुरिअरचा, तिसऱ्यावर बँकेचा कस्टमर केअर म्हणून दिसला तर विषय संपला. पण काहीच सापडलं नाही तर खरा असं मात्र समजू नका, नवीन सिमचा नंबर असेल तर त्याची कुठेच नोंद नसणार. तसंच 1800 ने सुरू होतो म्हणून खरा आणि दहा आकडी मोबाईल आहे म्हणून खोटा, असाही सरळ हिशोब नाही. 1800 वाला नंबर पैसे भरून कोणीही धंदेवाला घेऊ शकतो, आणि इकडे आपल्याकडचे अधिकृत मेकॅनिक सर्रास स्वतःच्या मोबाईलवरून बोलतात. नंबर दिसतो कसा यापेक्षा तो आला कुठून हेच बघायचं.

फोन लागल्यावरही कळतं. खरा माणूस आधी मशीनबद्दल विचारतो, मॉडेल, सीरियल नंबर, कधी घेतलं, पिनकोड, डिस्प्लेवर कुठला एरर येतोय. तक्रार नोंदली की नंबरासकट मेसेज येतो, तो दहा आकडी मोबाईलवरून नाही तर कंपनीच्या अक्षरी नावाने येतो, शेवटी हल्ली `-S` किंवा `-T` असतं. खोट्याला मशीनशी देणंघेणंच नसतं, दोन वाक्यांत गाडी पैशांवर येते, आणि रक्कम मुद्दाम ₹5, ₹10 अशी, म्हणजे नाही म्हणायला लाज वाटावी. त्याला ते दहा रुपये नको असतात, त्या निमित्ताने तुमचा कार्ड नंबर किंवा पिन टाइप करून घ्यायचा असतो. यूपीआयचा पिन फक्त आपल्या यूपीआय अ‍ॅपच्या पिनच्या पडद्यावर टाकायचा असतो आणि तो टाकला की पैसे जातात, येत नाहीत, कुठल्याही वेबपानावर किंवा फॉर्ममध्ये पिनची चौकट दिसली की ते चोराचंच. फोंड्यात सेंटर आहे असं सांगत असेल तर विचारा, नेमकं कुठे, तिस्कावर की ढवळीला? गोंधळला तर ठेवून द्या. देशभराच्या खऱ्या नंबरवर बोलणारा मात्र दुसऱ्या राज्यात बसलेला असू शकतो, त्याला तिस्क माहीत नसणं गुन्हा नाही, त्यामुळे हा प्रश्न फक्त 'आम्ही फोंड्याचेच' म्हणणाऱ्यालाच.

आता यजमानांचं म्हणणं. त्यांची भीती मला समजते, पण यूपीआय काढून हे थांबलं नसतं. पैसे गेले ते बहुतेक एसएमएस वाचणाऱ्या अ‍ॅपमुळे, त्या फोनवर यूपीआय नसतं आणि बँकेचं कार्ड किंवा नेटबँकिंग चालू असतं तरी तेच झालं असतं. शिवाय 71 वर्षांचा माणूस जो स्वतः कंपनी शोधून तक्रार नोंदवायला बसतो, त्याच्या हातून भाजी, औषध, वीजबिल सगळं काढून घेतलं तर तो पुढच्या वेळी गडबड झाली तरी सांगणार नाही, लपवेल, आणि मग 1930 ला फोन करायला उशीर होईल. तुमच्याकडे लगेच फोन झाला तो बाबांनी लगेच सांगितलं म्हणूनच ना? ते सांगणं टिकलं पाहिजे.

मी असं करेन. पेन्शन जमा होतं त्या खात्याला यूपीआय नको आणि त्या खात्याच्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद. दुसरं एक छोटं खातं, त्यात महिन्याचा खर्च, समजा पाच-सात हजार, आणि यूपीआय फक्त त्याला जोडलेलं. उद्या काही झालंच तर जाईल ते तेवढंच. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझरला दिलेली असेल तर ती काढा, हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नेमकं याच दारातून चोर आला होता. आणि एका दुपारी बाबांबरोबर बसून घरातल्या वस्तूंचे नंबर कार्डांवरून काढा, फ्रीज, मशीन, गॅस एजन्सी, बँक, इनव्हर्टर, आणि त्यांच्याच फोनमध्ये सेव्ह करा. वीज गेली की 1912, तोही त्यातच. वाचायचं तुम्ही, टाइप करायचं त्यांनी.

तो खोटा पिन मॅपवर अजून असेल तर त्यावर बदल सुचवण्याचा पर्याय आहे, त्यात ठिकाण अस्तित्वात नाही असं निवडा, जाहिरात असेल तर तिच्या शेजारच्या तीन टिंबांतून तक्रार करा. नंबरची तक्रार sancharsaathi.gov.in वर 'चक्षू'मध्ये जाते, पण ती नंबरपुरती, पैसे गेल्याची तक्रार 1930 वरच.

आणि मशीन. आधी प्लग काढा, मग फ्रंट लोड असेल तर खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडून फिल्टरमधून पाणी काढता येतं, खाली परात धरा, एकदम उघडू नका. मग स्टिकरवरच्या नंबरवर तक्रार द्या. मेकॅनिक आला की ओळखपत्र बघा, तक्रार क्रमांक त्याच्या तोंडून ऐका, पैसे काम झाल्यावर कंपनीच्या बिलावर. बऱ्याच कंपन्या तक्रार बंद करताना तुमच्या मोबाईलवर कोड पाठवतात आणि मेकॅनिक तो मागतो, इथे तुम्ही घाबराल, साहजिक आहे. मेसेज पूर्ण वाचा. त्यात तक्रार बंद करण्यासाठी असं लिहिलेलं असेल, तुमचाच तक्रार क्रमांक असेल आणि मशीन समोर फिरून दाखवलेलं असेल, तर तो कोड द्यायला हरकत नाही. रक्कम किंवा बँकेचं नाव दिसलं तर त्याला चहा द्या, कोड देऊ नका, आणि त्याच्यासमोरच कंपनीला फोन लावा.